‘अवघड आहे’ म्हणजे नाही

“नवऱ्याची बदली योकोहामाला झालीय, मुलगा सहा वर्षांचा. माझं जपानी एन ४ पर्यंत झालंय. रोजच्या बोलण्याला पुरेल का? काय चुकतं साधारण?”

व्हिसा, रेसिडेन्स कार्ड वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही. भाषाही पुरेल. चुकतं ते पुस्तकातलं वाक्य बरोबर असूनही चुकतं. मी नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून एन ३, म्हणजे तुमच्या वरची परीक्षा, देऊन जपानला आले आणि पहिल्याच महिन्यात घराच्या एजंटकडे अडकले.

घर आवडलं होतं. एजंट म्हणाला, “मुझुकाशीई देस ने”. म्हणजे अवघड आहे. आपल्याकडे ‘अवघड आहे’ म्हटलं की पुढे ‘बघा ना जरा’ म्हणायला जागा असते. मी ती जागा धरली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या कंपनीचं पत्र नेलं, मग तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा नेल्या, मग हमी देणाऱ्या कंपनीचे कागद. दर वेळी तो वाकून कागद घ्यायचा, दातांतून श्वास ओढायचा, मान तिरकी करायचा आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याच्या शेजारच्या बाईंना माझी दया आली असावी, त्यांनी सरळ दुसऱ्या घराचा कागद पुढे केला. नकार पहिल्याच दिवशी देऊन झाला होता.

ओळखायचं कसं? वाक्य अर्ध्यात सुटतं. “सोरे वा चोत्तो...” म्हणजे ‘ते जरा...’, आणि पुढे क्रियापदच येत नाही. “केन्तो शिमासु”, म्हणजे विचार करतो, असं म्हणून पुढची तारीख सांगितली नाही, तर बहुतेक विषय संपला. खरंच करायचं असेल तर माणूस दिवस आणि वेळ विचारतो. ‘घरी या एकदा’चंही तसंच, अगदी आपल्यासारखं.

उलट बाजूने तुमचा नकारही एकदाच पुरतो. आपल्याकडे तीन वेळा ‘नको नको’ केल्याशिवाय कुणी खरं मानत नाही. इथे एकदा “दाइजोबु देस” म्हटलं की ताट उचललं जातं. शब्दकोशात याचा अर्थ ‘ठीक आहे, चालेल’. जुलै २०२० पासून दुकानात पिशवीचे पैसे पडतात, म्हणून काउंटरवर विचारतात. ‘चालेल’ या अर्थाने मी “दाइजोबु” म्हणाले आणि दूध, अंडी हातात धरून घरी आले. “ईई देस”चंही तेच होतं. पिशवी हवी असेल तर “ओनेगाई शिमासु”, म्हणजे ‘द्या प्लीज’, म्हणा, काम होतं.

रोज भेटणाऱ्या माणसाला “ओगेंकी देस का”, म्हणजे ‘कसे आहात’, विचारू नका, ते बऱ्याच दिवसांनी भेटलेल्यासाठी. काम झाल्यावर ‘दमलात हो’ म्हणायला वरिष्ठांना “गोकुरोसामा” तर मुळीच नको, ते वरून खाली म्हणतात. “ओत्सुकारेसामा देस” कामाच्या ठिकाणी वर-खाली सगळ्यांना चालतं.

कौतुकाचं मात्र आपलंच आपल्याला ठाऊक असतं आणि आपण विसरतो. कुणी “जपानी छान बोलता” म्हटलं की मी इंग्रजी शाळेत शिकवल्याप्रमाणे थँक्यू म्हणायचे, “आरिगातो”. ते गैर नाही, पण तिथे सहज येतं ते “इएइए, मादामादा देस”. म्हणजे माझ्या आजीचं ‘छे गं, कसलं काय!’

आता मुलाचं. हे लिहायचं नव्हतं, पण तुमचा सहा वर्षांचा आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलाच्या पहिलीतल्या पालकभेटीत बाई हसून म्हणाल्या, “गेंकी देस ने, तासालाही खूप गेंकी”. गेंकी म्हणजे टवटवीत, उत्साही. मी आभार मानले, रात्री आईला फोन करून सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकूही म्हणाल्या, “जिन्यात किती गेंकी!”, त्यांचेही आभार मानले. सत्र संपलं तेव्हा प्रगतिपत्रकात ‘ओचित्सुइते’, म्हणजे ‘शांतपणे’ बसण्याबद्दल लिहिलेलं दिसलं. मग एका जपानी आईने समजावलं, की तासाचा आणि जिन्याचा उल्लेख आला की गेंकी ही तक्रार असते. सहा महिने शाळा मला सांगत होती आणि मी मिठाई वाटत होते. राग अजून आहे. सरळ का नाही सांगितलं? पण त्यांच्या हिशोबी त्यांनी सरळच सांगितलं होतं. तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच होता, “घरी काय काळजी घेऊ?” त्यावर बाई लगेच मुद्द्यावर आल्या असत्या. पुढे आल्याही.

त्यानंतर मी त्याला घरात फार गप्प केलं. एकटेपणाचं विचाराल तर माझं ठीक चाललंय, त्यात काही नाही. त्याचं कळत नाही. शाळेत आज कुणाबरोबर जेवलास विचारलं, की म्हणतो, “आई, दाइजोबु”. गेल्या मे महिन्यात पुण्यात आजीने दुसरी पुरणपोळी वाढायला घेतली, तर तो एकदाच ‘नको’ म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून बसला. आजीने वाढली. त्याने मुकाट्याने खाल्ली, आणि खोलीत आल्यावर मला विचारलं, “मी नको म्हटलेलं ऐकू नाही आलं का तिला?”