कंपनीला स्टाफसाठी फ्लॅट देताना: माणूस बदलला, फ्लॅट बिघडला, बिल अडकलं तर काय?

प्रश्न: माझा दोन बेडरूमचा फर्निश्ड फ्लॅट आहे. जवळच्या एका कंपनीला बाहेरगावाहून येणाऱ्या स्टाफसाठी जागा हवी आहे असं कळलं. त्यांना प्रस्ताव कसा पाठवू? करारात काय काय घालायचं, बिल कसं द्यायचं, आणि मध्येच माणूस बदलला तर काय, हे कोणी नीट सांगेल का?

उत्तर:

कंपनीत हा निर्णय बहुतेक वेळा ॲडमिन किंवा एचआरमधला एक माणूस घेतो, आणि त्याला स्वतःला त्या फ्लॅटमध्ये राहायचं नसतं. त्यामुळे बाल्कनीतून दिसणाऱ्या दृश्यात त्याला काडीचा रस नाही. रात्री अकराला कर्मचाऱ्याचा फोन येऊ नये, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सने बिल परत पाठवू नये, एवढंच त्याला हवं असतं. तुमचा प्रस्ताव या दोन गोष्टींना उत्तर देणारा हवा.

म्हणून ईमेल अर्ध्या पानाचा ठेवा, सोबत एका पानाचा तक्ता आणि फोटो. तक्त्यात फ्लॅट कधीपासून रिकामा आहे, ऑफिसच्या वेळेत दारापासून दारापर्यंत किती मिनिटं लागतात (किलोमीटर नकोत, मिनिटं, आणि स्वतः गर्दीच्या वेळी जाऊन मोजलेली), इंटरनेटचा वेग, भाड्यात काय धरलंय आणि काय नाही, हे लिहा. दोन बेडरूमचं वर्णन जरा बारकाईने करा. एकमेकांना न ओळखणारे दोन सहकारी राहणार असतील तर एक खोली मोठी, आतच बाथरूम असलेली आणि दुसरी लहान, हे भांडणाचं मूळ असतं. दोन्ही खोल्यांना स्वतंत्र कुलूप, टेबल-खुर्ची आणि सारखं कपाट असेल तर ते आधी लिहा. शेवटी दोन ओळी: "माणूस बदलण्याची आणि दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे, मसुदा जोडला आहे. बिल तुमच्या पीओ नंबरसह दर महिन्याला मिळेल." बाकीचे मालक हे लिहीत नाहीत, म्हणून ते वाचलं जातं. पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर, कंपनीने ठरलेल्या रकमेसाठी काढलेली लेखी ऑर्डर.

पाठवण्याआधी एक गोष्ट तपासा. इमारतीचे नियम, कर्ज असेल तर बँकेची अट आणि विमा, या तिन्हींना फ्लॅट कंपनीला देणं चालतं का? करार झाल्यावर इमारतीच्या कमिटीने आडकाठी केली तर पुढचं सगळं फुकट जातं.

आता करार. यातला पाया असा की भाडेकरू कंपनी आहे, राहणारा माणूस नाही. तो फक्त कंपनीच्या परवानगीने राहतो आणि त्याचं नाव परिशिष्टातल्या यादीत असतं. हे स्पष्ट लिहिलं नाही तर नोकरी सोडलेला माणूस घर सोडत नाही तेव्हा कंपनी हात वर करते. म्हणून "कोणत्याही कारणाने कर्मचारी बाहेर पडला नाही तरी रिकामा ताबा देण्याची जबाबदारी कंपनीची, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं चालू" हे वाक्य हवंच. राहणाऱ्याला स्वतःचे हक्क किती मिळतात हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर ठरतं, तेवढं कलम स्थानिक वकिलाकडून पाहून घ्या.

नोटिशीची भाषाही जपून लिहा. "६ महिन्यांनंतर २ महिन्यांची नोटीस" या वाक्याचे दोन अर्थ होतात. कंपनी म्हणते, चौथा महिना संपताना नोटीस दिली, सहावा संपला की निघालो. तुम्ही म्हणता, नोटीसच सहा महिन्यांनंतर द्यायची, म्हणजे आठ महिन्यांचं भाडं. फरक दोन महिन्यांचा. "नोटिशीची मुदत अमुक तारखेआधी संपू शकत नाही" असं तारीख घालून लिहिलं की वाद उरत नाही.

बदलीचे नियम हा या व्यवहारातला खरा गाभा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच कलमात कोंबतात: माणूस बदलणं आणि घर बदलणं.

माणूस बदलणं सोपं ठेवा, कारण कंपनी फ्लॅट त्याचसाठी घेते. कामाचे ५ दिवस आधी ईमेलने कळवायचं, नव्या माणसाचं नाव आणि ओळखपत्र द्यायचं, एका वेळी ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसं नाहीत, आणि दर बदलाला साफसफाईचा एक ठरलेला खर्च. दोन माणसांमधल्या रिकाम्या दिवसांचं भाडं थांबत नाही, हे शब्दांत लिहा; नाहीतर पहिल्याच रिकाम्या आठवड्याला सूट मागितली जाते. नव्या माणसाला नकार देण्याचा हक्क तुम्हाला हवा असेल तर तो ओळखपत्र नसणं, संख्या ओलांडणं अशा नेमक्या कारणांपुरता ठेवा. मनमानी नकाराचा हक्क मागितला की प्रस्ताव तिथेच बारगळतो.

प्रत्येक बदलाला चावी परत घेताना खोलीची पाहणी करा. वीसेक मिनिटांचं काम आहे: सुरुवातीची सामानाची यादी हातात घेऊन गादी उलटून बघायची, कपाटाची दारं उघडझाप करायची, मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल. वर्षाच्या शेवटी गादीवरचा जळका डाग दाखवलात तर तो वर्षभरात राहून गेलेल्या तिघांपैकी कोणाचा हे कोणी सांगू शकत नाही आणि कंपनी त्याला "सामान्य झीज" म्हणून मोकळी होते. त्याच आठवड्यात कळवलं तर गेलेला माणूस अजून त्यांच्या पगारपत्रकावर असतो.

घर बदलणं म्हणजे फ्लॅट राहण्याजोगा नसेल तेव्हा दुसरी सोय कोणी करायची. कंपनीचा छापील मसुदा म्हणतो, मालकाने "समतुल्य पर्यायी जागा" द्यावी. एकच फ्लॅट असलेला माणूस ती कुठून देणार? तेव्हा हे कलम आकड्यांत बांधा. पाणी, वीज, कुलूप, मोठी गळती यांना २४ तास. बाकी दुरुस्तीला ३ कामाचे दिवस. २४ तासांत घर राहण्याजोगं झालं नाही तर पर्यायी मुक्कामाचा खर्च तुमचा, पण रोजच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच, आणि तो दिला तर भाड्यात वेगळी सूट नाही. १४ दिवसांत काम झालं नाही तर कंपनीला दंडाशिवाय बाहेर पडता येईल. राहणाऱ्याच्या चुकीने झालेलं नुकसान आणि अख्ख्या भागाचं पाणी किंवा वीज जाणं यातून वगळा.

उदाहरण घेऊ. भाडं महिन्याला ३,०००, म्हणजे ३० दिवसांच्या हिशोबाने रोजचे १००. नऊ तारखेला रात्री बाथरूममधला भिंतीतला पाइप फुटला, प्लंबरने फरशी उखडली, आणि २४ तास उलटल्यावर दोघांना ५ रात्री हॉटेलात काढाव्या लागल्या. खोलीला १८० प्रमाणे दोन खोल्यांचे ५ रात्रींचे १,८०० झाले. कलम मोघम असेल तर कंपनी हे १,८०० आणि वर ५ दिवसांची भाडेसूट ५०० असे २,३०० कापते. तुमच्या हातात त्या महिन्याचे ७०० आणि वर प्लंबरचं बिल. वरच्या कलमाने तुमची जबाबदारी १५० गुणिले ५, म्हणजे ७५० वर थांबते. कंपन्या ही मर्यादा सहसा मान्य करतात, कारण त्यांना सगळ्यात जास्त त्रास अनिश्चिततेचा असतो. घासाघीस झालीच तर दीडपटीवर होते, मर्यादा असावी की नाही यावर नाही.

हे ७५० पुढच्या बिलात गुपचूप कमी करू नका आणि जुनं बिलही बदलू नका. त्या महिन्याच्या बिल नंबरचा उल्लेख करून वेगळी क्रेडिट नोट, म्हणजे त्या बिलातून एवढी रक्कम वजा धरा असं सांगणारा कागद, द्या. त्यांच्या सिस्टीममध्ये पीओची रक्कम आणि बिलाची रक्कम जुळली नाही की बिल बाजूला पडतं, आणि ते बाजूला पडलंय हे तुम्हाला कोणी कळवत नाही.

बिलाचं बाकी गणितही याच पीओभोवती फिरतं. आधी व्हेंडर म्हणून नोंदणी, मग पीओ, मगच चावी. हा क्रम सोडू नका. कर्मचारी उद्या येतोय म्हणून "पीओ येतोच आहे" सांगून चावी मागतात. दिली की तुमच्या कागदपत्रांची घाई एकाएकी संपते. बिलावर कंपनीचं नोंदणीकृत नाव अक्षर न चुकता, पीओ नंबर, फ्लॅटचा पत्ता, भाड्याचा काळ "या तारखेपासून या तारखेपर्यंत", लागू असेल तो कर वेगळ्या ओळीत, आणि वीज-पाण्याची जादा रक्कम मीटरच्या फोटोसह वेगळ्या ओळीत. पाठवायचं अकाउंट्सच्या बिलांच्या पत्त्यावर, ॲडमिनला फक्त प्रत.

दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, करार म्हणतो भाडं १ तारखेला आगाऊ, आणि पीओवर छापलेलं असतं बिल मिळाल्यापासून ३० दिवस. खाली बारीक अक्षरांत "पीओच्या अटी वरचढ" असंही असतं. म्हणून करारात "पीओ आणि करार यांत फरक असेल तर करार ग्राह्य" हे घाला आणि तरीही बिल एक महिना आधीच, म्हणजे जूनच्या भाड्याचं १ मे रोजी पाठवा. कलम तुमच्या बाजूने असलं तरी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर करार वाचत नाही.

दुसरं, पीओची एकूण रक्कम. १२ महिन्यांचा पीओ ३६,००० चा निघाला आणि वर्षभरात जादा विजेचे ६०० त्याच पीओवर लागले, तर शेवटच्या महिन्याला पीओत २,४०० उरतात आणि ३,००० चं बिल परत येतं. तेव्हा पहिल्या दिवशीच भाड्याची एक ओळ आणि जादा वापराची वेगळी ओळ, तिची स्वतःची मर्यादा, असं मागून घ्या. मुदतवाढीला नवा पीओ किंवा वाढीव रक्कम लागते. करार संपायच्या दोन महिने आधी ॲडमिनला विचारा, कारण मंजुरीच्या साखळीत कोणी ना कोणी रजेवर असतंच.

डिपॉझिटबद्दल थोडक्यात: शेवटच्या महिन्याचं भाडं त्यातून वळतं होणार नाही असं लिहा, आणि परत करण्याची मुदत शेवटच्या चावीच्या तारखेपासून मोजा, करार संपल्याच्या तारखेपासून नको. एखादी चावी कुणाच्या तरी बॅगेत दुसऱ्या शहरात गेलेली असते, आणि ती येईपर्यंत कुलूप बदलायचं की थांबायचं हा खर्च त्यांच्या खात्यात राहिला पाहिजे.

तुमचा मसुदा तयार झाला की नावं झाकून इथे टाका, बदलीचं कलम मी बघून सांगतो.