स्वतःवरचा विनोद कुठवर गोड लागतो?

प्रश्न: मी दारव्ह्याकडचा, शेती करतो. एका मुलीशी मेसेजवर बोलणं चालू आहे. मी स्वतःवर विनोद केला की ती हसते. पण हे किती चालतं? आपलाच भाव कधी उतरतो?

भाऊ, मी वरुड तालुक्यातली. असे मेसेज मला आलेले आहेत, म्हणून वाचणारीच्या बाजूनं सांगते.

मेसेज करणारा मोर्शीकडचा, घरची संत्र्याची बाग. एकदा त्यानं लिहिलं, "पंप पाठीवर घेऊन ऐटीत निघालो. अर्धी ओळ झाल्यावर कळलं का औषध घरीच राह्यलं. झाडायची आंघोळ झाली नुसती." मी खूप हसले. "साबण विसरलास का?" असं मी विचारलं आणि त्या रात्री कितीतरी वेळ बोलत बसलो.

महिन्याभरानं सूर बदलला. "माह्यासारख्या शेतकऱ्याले कोण पोरगी देते?" "तू बोलतेस हेच लय झालं." पहिल्यांदा मी मनापासून लिहिलं, "असं काहून म्हणतोस?" त्याला ते उत्तर आवडलं असावं, कारण मग रोज तेच येऊ लागलं. रोज समजूत काढायची म्हटल्यावर मी मेसेज उशिरा उघडू लागले.

पंपाच्या गोष्टीत त्या दिवसाची फजिती होती, मला चिडवायला जागा होती. दुसऱ्यात त्यानं स्वतःची किंमत काढली होती, आणि त्यावर "नाही रे, तू चांगला आहेस" याशिवाय मला काही लिहिता येत नव्हतं. पाठवण्याआधी एवढंच पाहा: तिला उलट चिडवता येईल का, की फक्त धीर द्यावा लागेल? रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. दुसऱ्याला हसवण्यासाठी स्वतःला खाली पाडणं ही त्यातली एक, आणि तिचा संबंध कमी आत्मसन्मानाशी आढळला.

माझ्या मते एका गप्पेत अशी एक फजिती पुरते. तिनं दोनदा "असं नको बोलू" लिहिलं, तर तो विषय सोडाच. भेटायला बोलावताना तर अजिबात नको. त्यानं मला लिहिलं होतं, "रविवारी वरुडले येतो, चहा घेऊ? तुले वेळ नसनच म्हणा." मी हो म्हणणार होते. पण त्यानं नकार आधीच लिहून ठेवला होता, मला तो फक्त पाठवायचा राहिला. तुम्ही पहिल्या वाक्यावरच थांबा.

शेतीचं खरंच मनात टोचत असेल, तर ते विनोदात गुंडाळू नका. किती एकर, कोणतं पीक, पुढे काय करायचंय, हे एकदा सरळ सांगा. त्यानं ठिबक बसवून त्या वर्षी मृग बहार धरला होता, हे मला नंतर त्याच्या गावच्या मैत्रिणीकडून कळलं. मला त्यानं ते कधी लिहिलंच नाही.