बॅकऑर्डरच्या पानावर तारीख कशी लिहावी, आणि ती चुकली तर काय?

प्रश्न: "आमचं पितळी भांड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, WooCommerce वर. कल्हईची पातेली संपली की बॅकऑर्डर चालू ठेवते आणि '१० ते १२ दिवसांत मिळेल' असं लिहिते. तरी माल लांबला की लोक चिडतात. नेमकं काय लिहायचं?"

ताई, नमस्कार. मीही नाशिकचाच, भांडी बाजारातून माल उचलून ऑनलाइन विकतो. तुम्ही लिहिताय तेच वाक्य माझ्याही पानावर होतं. एका बाईंनी मुलीच्या रुखवतात मांडायला पातेलं मागवलं. त्यांनी बारा दिवस ऑर्डर दिल्यापासून मोजले, मी मात्र लॉट हातात आल्यापासून मोजत होतो. पातेलं पोचलं ते लग्नानंतर दोन दिवसांनी. पैसे परत केले, पण त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर दुकानातून घेतलं असतं." चूक कारागिराची नव्हती. माझ्या वाक्यात होती.

म्हणून पहिली गोष्ट, 'इतक्या दिवसांत' हे शब्द पानावरून काढून टाका. ते वाक्य महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि खोटं झालेलं कुणाच्या लक्षात येत नाही. तारीख लिहिली की ती उलटून गेलेली तुम्हालाही दिसते, ग्राहकालाही. मी दर सोमवारी सकाळी बॅकऑर्डरची सगळी पानं उघडून तारखा बघतो.

आता ती तारीख काढायची कशी? कारागीर सांगतो ती तारीख फक्त माल तुमच्या दारात येण्याची असते. त्यानंतर कल्हई, तपासणी, पॅकिंग, आणि मग कुरिअर. माझ्या वहीत मागच्या सहा लॉटची नोंद आहे: सांगितल्यापेक्षा अनुक्रमे २, ०, ५, ९, ३ आणि ४ दिवस उशीर. इथे सरासरी काढू नका, कारण सरासरीवर तारीख ठेवली तर जवळपास निम्म्या वेळा ती चुकणारच. सगळ्यात वाईट आकडा घ्या. कारागीर ५ सप्टेंबर म्हणाला तर मी १४ धरतो. कल्हईला ३ दिवस, कारण आमचा कल्हईवाला भट्टी उघड्यावर लावतो आणि पाऊस आला की काम थांबतं. तपासणी आणि पॅकिंगला २ दिवस. झाले १९. पानावर लिहितो २० सप्टेंबर.

आणि ही तारीख नाशिकहून निघण्याची आहे हे त्याच ओळीत लिहितो. पोचण्याचा अंदाज वेगळा देतो, कारण तो गावागणिक बदलतो. खरेदीच्या बटणाच्या वर माझा मजकूर असा असतो:

"हे पातेलं सध्या शिल्लक नाही. पुढचा लॉट तयार होतोय. तुमचं पातेलं २० सप्टेंबरपर्यंत नाशिकहून रवाना होईल. पुणे-मुंबईला त्यानंतर साधारण २ ते ३ दिवस, इतरत्र ५ ते ७ दिवस. तारीख पुढे जाणार असेल तर आम्ही आधी कळवू. तेव्हा थांबायचं की पूर्ण पैसे परत घ्यायचे, हे तुम्ही ठरवा. उत्तर आलं नाही तर पैसे परत करू."

शेवटचं वाक्य बहुतेक दुकानदार गाळतात, आणि वाद तिथेच होतात. गप्प बसलेला ग्राहक तयार आहे असं आपण धरून चालतो. तो बहुधा मेसेज न वाचलेला असतो.

प्री-ऑर्डरला मात्र ही वहीची पद्धत लागू पडत नाही. वस्तू पहिल्यांदाच बनत असेल, समजा नव्या घडणीची समई, तर मागचा इतिहासच नसतो. नमुना हातात येऊन पसंत पडेपर्यंत मी तिचं पानच उघडत नाही.

आता WooCommerce. "Allow backorders?" मध्ये "Allow" निवडलं असेल तर ग्राहकाला माल शिल्लक नाही हे दिसतच नाही. "Allow, but notify customer" निवडलं तर "Available on backorder" एवढंच दिसतं, त्यात तारीख नसते. शिवाय दोन्हींत साठा उणे जात राहतो आणि तीसच्या लॉटवर चाळीस ऑर्डरी बसतात. मी वेगळं करतो. लॉट ३० चा असेल तर त्यातून तपासणीत बाद होणारी ३ वजा करतो, कारण कुठे बूड सपाट बसत नाही, कुठे कल्हई काठाशी पातळ राहते. फोनवर शब्द दिलेली ३ वजा. उरली २४. साठ्यात २४ टाकतो, बॅकऑर्डर "Do not allow" ठेवतो आणि वरचा मजकूर "Short description" मध्ये लिहितो. चोविसावी ऑर्डर आली की पान आपोआप बंद. पुढच्या लॉटला नवी तारीख. लॉट तयार होऊन आला की हा मजकूर काढायला विसरू नका.

गूगलवर माल दाखवत असाल तर Merchant Center च्या फीडमध्येही हीच तारीख हवी. पानावर एक आणि तिथे दुसरी असं चालत नाही:

```
availability: backorder
availability_date: 2026-09-20T00:00+0530
```

आता उशीर झालाच तर. समजा ११ सप्टेंबरला कारागीर म्हणाला, पत्रा आला नाही, माल १८ ला देतो. १८ अधिक ५ म्हणजे २३, पण मी कळवतो २६. दुसऱ्यांदा तारीख हलवणं पहिल्यापेक्षा फार महाग पडतं. मेसेज त्याच दिवशी जातो, २० तारखेची वाट बघत नाही:

"तुमचं पातेलं २० ऐवजी २६ सप्टेंबरपर्यंत रवाना होईल. कारण, पितळी पत्रा उशिरा आला. थांबणार असाल तर 'थांबतो' एवढं कळवा. नको असेल तर 'परत' लिहा, पैसे लगेच परत पाठवू. २० तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर २१ ला ऑर्डर रद्द करून पूर्ण रक्कम परत करू. बँकेत दिसायला ५ ते ७ कामाचे दिवस लागतात."

ही केवळ सौजन्याची बाब नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा पोचला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. कारागिराकडून माल लांबला हे मी त्या अपवादात कधीच मोजत नाही आणि तुम्हीही मोजू नका. २६ सुद्धा हुकणार असेल, तर ज्यांनी स्वतःहून पुन्हा होकार दिला तेवढ्याच ऑर्डरी ठेवा, बाकीच्यांचे पैसे त्याच दिवशी परत.

बॅकऑर्डरवर कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवा. तीन आठवड्यांनी दारात आलेलं पार्सल बरेच जण नाकारतात आणि जड पितळ दोन्ही वेळचं भाडं खातं.

त्या रुखवताच्या प्रकरणानंतर मी ऑर्डरच्या फॉर्मवर एक ऐच्छिक रकाना घातला: "कार्याची तारीख असल्यास लिहा". नागपूरच्या कुणी २८ सप्टेंबर लिहिली आणि रवाना व्हायची तारीख २० असेल, तर मी त्यांना त्याच दिवशी फोन करतो आणि स्पष्ट सांगतो की नागपूरला वेळेत पोचेल याची खात्री देता येत नाही, तुमच्या गावात मिळत असेल तर तिथून घ्या. काही ऑर्डरी जातात. त्यातले कित्येक जण पुढे घरासाठी म्हणून माझ्याकडूनच डबे मागवतात.