पडद्यावरचे चित्र आणि समोरचे चित्र

प्रश्न: संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र इतके मोठे करून पाहता येते, मग प्रत्यक्ष जाऊन पाहण्यात वेगळे काय मिळते?

बारकावे पडद्यावरच अधिक दिसतात. चित्राचा आकार आणि रंगाचा उठाव मात्र समोर उभे राहूनच कळतो. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ची ८,४३९ छायाचित्रे जोडून २०२२ मध्ये ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा खुली केली. तिच्यातील दोन पिक्सेलांमधले अंतर चित्रावर अवघे ०.००५ मिलिमीटर भरते, त्यामुळे दालनात कोणालाही दिसणार नाहीत असे रंगद्रव्याचे कण तिथे दिसतात. परंतु सुमारे साडेचार मीटर रुंदीचे हे चित्र आणि त्याच संग्रहालयातील व्हर्मीरचे जेमतेम ४१ सेंटिमीटर रुंदीचे ‘मिल्कमेड’ पडद्यावर एकाच चौकटीत बसतात, आणि मोजमाप वाचूनही डोळ्यांना तो फरक जाणवत नाही. शिवाय रेम्ब्रांने जाडसर लावलेला रंग पाहणारा हलला की वेगळा चमकतो, तर छायाचित्रात प्रकाशाची दिशा कायमची ठरलेली असते. अर्थात बारकाव्यांविषयीचे विधान संग्रहालयाच्या मूळ फाइलपुरतेच खरे आहे: ‘मिल्कमेड’च्या पिवळट नकला इंटरनेटवर एवढ्या पसरल्या होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातील योग्य रंगाची पोस्टकार्डेच लोकांना खोटी वाटू लागली.