अपिलात राग नको, मिनिट-सेकंद लिही

चि.,
अनेक आशीर्वाद.

बोर्डो मिश्रणाच्या तुझ्या व्हिडिओवर वयोमर्यादा लागली, हे कळलं. अपिलाचा मसुदाही वाचला. तो अजून पाठवला नाहीस, हे फार बरं झालं, कारण अशा अपिलाची संधी बहुधा एकदाच मिळते. मसुद्यात निम्म्याहून जास्त मजकूर तुझ्या कष्टांबद्दल आणि झालेल्या अन्यायाबद्दल आहे. तुझा राग मला पटतो, पण तपासणाऱ्याला निर्णय बदलण्यासाठी त्यातून काही हाती लागत नाही.

नोटिशीत कारण दिलंय हिंसक किंवा धोकादायक कृतीचं. व्हिडिओत तसं काहीच नाही. माझा संशय वर्णनातल्या दुसऱ्या ओळीवर आहे: 'आधी चाकू, मगच मारा.' सुपारीच्या बागायतदाराला यात वावगं काही दिसणार नाही. लोखंडी चाकू मिश्रणात मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं राहिलंय, ते पानं करपवेल, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालायची. थर आला नाही की फवारा मारायचा. पण ज्याने बाग पाहिली नाही, त्याच्यासमोर भाषांतरातून फक्त चाकू आणि मारणं येतं.

म्हणून अपील असं लिही:

'वर्णनातील "आधी चाकू, मगच मारा" या वाक्यात चाकू म्हणजे मिश्रणातील मोकळं तांबं तपासण्याचं साधन आणि "मारा" म्हणजे झाडावर फवारणी करा. ही चाचणी 4:10 ते 5:25 मध्ये दिसते. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी यांपासून पिकांसाठी 1 टक्का बुरशीनाशक तयार करण्याचं हे प्रशिक्षण आहे. हातमोजे व चष्मा वापरण्याची सूचना 0:50 ला आहे. कोणालाही इजा करण्याचं दृश्य वा आवाहन नाही. कृपया वयोमर्यादा काढावी.'

वेळा तुझ्या व्हिडिओवरून पुन्हा ताडून घे. एक जरी चुकली, तरी तपासणाऱ्याला भलतंच दृश्य दिसेल. मोरचूद पोटात गेलं तर विषारी असतं, हे लपवू नकोस. म्हणूनच हातमोज्यांचं वाक्य ठेवलंय. 'तुमची यंत्रणा मराठीविरोधी आहे' हे वाक्य मात्र काढून टाक. ते सिद्ध करायला तुझ्याकडे काही नाही, आणि त्यामुळे चाकूचा खुलासा मागे पडतो.

नोटीस आणि सध्याचं वर्णन यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव. निकाल लागेपर्यंत या व्हिडिओचं वर्णन बदलू नकोस, नाहीतर ज्या ओळीचा खुलासा करतोयस ती तपासणाऱ्याला सापडणारच नाही. कोळेरोगाच्या व्हिडिओतही तीच ओळ जशीच्या तशी आहे. तिथे अजून कारवाई झालेली नाही, तेव्हा आज रात्रीच ती बदल: 'लोखंडी पात्याने चाचणी घ्या, मग फवारणी करा.'

तुझा,
काका