ताबा सुटतो तेव्हा

प्रश्न: टेन्शन आलं की मी खूप खाते. लग्नात तर पोट फुटेस्तोवर. हा बिंज ईटिंगचा आजार असेल का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. लग्नात चार जिलब्या जास्त होतात, भांडण झालं की फरसाणाची पुडी संपते, असं पुष्कळांचं होतं. आजाराची खरी खूण म्हणजे ताबा सुटणं. थांबायचं असतं, पण हात थांबत नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एक ताई दिवसभर जवळजवळ उपाशी राहायच्या. रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभ्यानंच उरलेल्या पोळ्या, गार भात, बिस्किटांचा अख्खा पुडा तासाभरात संपवायच्या. चवही कळायची नाही. मग रिकामा पुडा कचऱ्यात खाली दडपायचा आणि स्वतःची किळस वाटत राहायची. असं आठवड्यातून किमान एकदा, 3 महिने चाललं तर हे निदान होऊ शकतं. वजनावरून ते ठरत नाही. खाल्ल्यावर नेहमी उलटी काढत असाल तर तो बुलिमिया, वेगळा आजार.

ताईंचं डाएट आम्ही आधी थांबवलं, कारण दिवसाची उपासमारच रात्री उसळत होती. ठरल्या वेळी तीन जेवणं, मध्ये थोडं खाणं, आणि खाल्लेलं लगेच वहीत लिहायचं. तुमचाही ताबा असा सुटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना नक्की भेटा, आणि लपवून खाता हेही सांगा. ते सांगायला फार जड जातं, मला माहीत आहे.