भाषणाच्या कागदावर श्वासाच्या आणि थांबण्याच्या खुणा कशा करायच्या?

प्रश्न: ऑफिसात आमच्या मॅडमचा सेंड-ऑफ आहे, मला ४ मिनिटं बोलायचंय. लिहून काढलंय पण वाचताना मधेच दम लागतो, आवाज थरथरतो आणि सगळं एका सुरात वाचल्यासारखं वाटतं. कागदावर कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा याच्या खुणा करतात म्हणे, त्या नक्की कशा करायच्या?

उत्तर:

मी नोकरी सांभाळून पंधराएक वर्षं सूत्रसंचालन करतोय, साखरपुडे, निरोप समारंभ, गणपतीतले कार्यक्रम वगैरे, आणि अजूनही खुणा केलेला कागद हातात असल्याशिवाय स्टेजवर चढत नाही. त्यामुळे जे स्वतः करतो तेच सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की स्वल्पविराम आणि पूर्णविराम आहेत म्हणजे थांबायच्या जागा ठरल्यात. ती चिन्हं डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी आहेत. मराठीत ती आलीच मुळात एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडीसाहेबांच्या काळात, त्याआधी लोक बोलताना श्वास घेत नव्हते असं थोडंच आहे. बोलण्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या तुमच्या फुफ्फुसाच्या मापाने कराव्या लागतात, माझ्या नाही.

घाबरल्यावर काय होतं तर श्वास पोटातून वर छातीत येतो आणि आखूड होतो. घरी सोफ्यावर बसून जे वाक्य एका दमात आरामात होतं ते स्टेजवर दोन-तृतीयांशातच संपतं. आणि आपल्या मराठीची गंमत अशी की क्रियापद शेवटी येतं. म्हणजे दम संपतो नेमका तिथे जिथे वाक्याचा अर्थ लागणार असतो. ‘मॅडमनी कधी कुणाला दुखावलं’ ऐकू येतं आणि ‘नाही’ घशात जातं. हसू नका, हे मी समोर बसून ऐकलंय. म्हणून या सगळ्या खुणांचा हेतू एकच, की क्रियापदापर्यंत पोचताना पोटात हवा शिल्लक असली पाहिजे.

खुणा मी चारच वापरतो. एक तिरकी रेघ / म्हणजे क्षणभर थांबायचं, पायाचा अंगठा बुटात एकदा दाबून सोडाल तेवढाच वेळ, श्वास घ्यायचा नाही. दोन रेघा // म्हणजे पूर्ण थांबून एक श्वास आत. दोन शब्दांच्या खालून कंस काढतो, झोळीसारखा, म्हणजे हे शब्द तोडायचे नाहीत. आणि एका वाक्यात एकाच शब्दाखाली रेघ, ज्याच्यावर जोर द्यायचा तो. बस. पाचवी खूण सुरू केलीत की तुम्ही भाषण सोडून कागद सोडवत बसता, गणिताच्या पेपरासारखं.

देवनागरीत एक भानगड होते ती आधीच सांगतो. काळ्या पेनाने ओळीतच रेघ मारली तर ती घाईत काना वाटते. ‘बर / च’ चं ‘बराच’ होतं. म्हणून लाल पेन घ्यायचा आणि रेघ चांगली तिरकी, अक्षरांच्या डोक्यावरच्या रेषेच्या वर निघेल एवढी उंच काढायची.

आता रेघ कुठे मारायची. उभं राहून मोठ्याने वाचा, जिथे दम संपला तिथे पेन्सिलने ठिपका द्या. ती जागा श्वासाची नाही हं, तिथे श्वास घेतलात तर वाक्य मोडेल. ठिपक्यापासून मागे या आणि अर्थाचा सांधा मिळेल तिथे रेघ मारा. सांधे ओळखायला सोपे आहेत, ‘करून’, ‘जाताना’, ‘आल्यावर’ असल्या शब्दांनंतर, लांबलचक कर्ता संपला की त्याच्यानंतर, ‘जेव्हा… तेव्हा’ मधल्या ‘तेव्हा’च्या आधी. ‘की’ मात्र मागच्या क्रियापदाला चिकटून जातो, म्हणजे ‘मला वाटतं की /’ असं. ‘पण’ आणि ‘आणि’चं उलटं, रेघ त्यांच्या आधी. घाबरलेला माणूस नेमका ‘पण’ बोलून थांबतो, ‘आणि’ म्हणून थांबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा पुढचं विसरला.

तोडायचं कुठे नाही तर विशेषण आणि नाम यांच्यामध्ये, नाव आणि आडनाव यांच्यामध्ये, ‘च्या आधी’, ‘च्या बरोबर’ अशा जोड्यांत, आणि जोड क्रियापदात, जसं ‘देऊन टाकलं’, ‘बसून राहिल्या’. इथे झोळी काढायची. ‘नाही’ला तर मागच्या क्रियापदाशी कायम झोळीनेच बांधायचं.

नुसतं सांगून कळणार नाही, एक खरं उदाहरण देतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला वडिलांच्या रिटायरमेंटला बोलायचं होतं, वडील एसटीत ड्रायव्हर. तिने लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं:

‘माझ्या बाबांनी एसटीमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी मुक्कामी गाडीवर काढली त्यामुळे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बाबा घरी असण्यापेक्षा नसण्याचीच सवय आम्हाला जास्त होती.’

वाक्य छान आहे पण कागदावर. तिचा ठिपका ‘पहिल्या’वर पडला, म्हणजे ‘पहिल्या… आंघोळीला’ असं तुटायला लागलं. इथे खुणांनी काम भागत नाही, वाक्यच फोडावं लागतं. आम्ही ते असं केलं:

‘माझ्या बाबांनी / एसटीत चौतीस वर्षं नोकरी केली. // त्यातली सव्वीस वर्षं / मुक्कामी गाडीवर. // दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला / बाबा घरी नाहीत / ही आमच्याकडे / नेहमीची गोष्ट होती. //’

मग तिने ते वाचलं तर रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट. रेघा जास्त झाल्या होत्या. पहिल्यांदा खुणा करणारा प्रत्येक जण हे करतो, त्यामुळे दुसऱ्या हाताला रेघा खोडायच्याच असं धरून चाला. आम्ही ‘माझ्या बाबांनी’नंतरची काढली, ‘आमच्याकडे’नंतरची काढली, आणि ‘पहिल्या आंघोळीला’च्या खाली झोळी आली. जोराची रेघ ‘सव्वीस’खाली, आणि शेवटच्या वाक्यात ‘नाहीत’खाली. ती आधी ‘दिवाळीच्या’वर जोर देत होती कारण तो शब्द भारी वाटतो, पण गोष्ट दिवाळीची नव्हतीच, बाबा नसण्याची होती. ‘सव्वीस वर्षं’नंतरची रेघ ठेवली, कारण तिथे लोक मनात हिशोब करतात, त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो. आणि आकडे अक्षरात लिहायचे हेही बघा, ३४ लिहिलं की घाईत त्रेचाळीस तोंडात येतं.

एकसुरीपणाचं कारण बहुतेक वेळा असं असतं की माणूस सगळ्या थांब्यांना सारखाच सूर लावतो. / ला सूर वरच लटकत ठेवायचा, अजून बोलायचंय असा, आणि // ला खाली उतरवायचा. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी आपल्याला प्रत्येक तुकडा वर नेऊन सोडायची सवय लावलीय, ती मोडायला दोन-तीन दिवस जातात. मोबाईलवर रेकॉर्ड करा, फोन बाहेरच्या खोलीत ठेवा आणि आतून ऐका. शब्द नीट कळणार नाहीत पण सुराची चाल कळेल, आणि वाक्यांची शेपटं ऐकू येतात की नाही हेही कळेल. शेपूट गायब असेल तर त्याच्या आधीची // शेपटाच्या आणखी जवळ आणा किंवा वाक्य तोडा.

वाचल्यासारखं वाटतं त्याचं दुसरं कारण नजर. आपण कागदाशी बोलतो. नियम एकच ठेवा, खाली बघताना तोंड बंद. // च्या थांब्यात खाली बघा, पुढचा तुकडा डोळ्यांनी उचला, मान वर करा, मग बोला, आणि क्रियापद संपेपर्यंत मान वरच. सुरुवातीला हा थांबा तुम्हाला पाच मिनिटांसारखा वाटेल, रेकॉर्डिंग ऐकलंत की कळेल समोरच्याला तो जाणवतसुद्धा नाही. म्हणूनच तुकडे छोटे हवेत, सहा-सात शब्दांच्या वर एका नजरेत उचलता येत नाहीत, निदान मला तरी नाही.

श्वास कसा घ्यायचा तर खांदे न उचलता, तोंड किंचित उघडं ठेवून, पटकन आणि आवाज न करता. माईक समोर असेल तर श्वास घेताना तोंड जरा बाजूला, नाहीतर स्पीकरमधून सुस्कारे ऐकू येतात. आणि कागदावर सगळ्यात वर, पहिल्या शब्दाच्याही आधी, मी ‘सोड’ असं लिहितो. कारण नाव पुकारल्यापासून आपण श्वास कोंडून धरलेला असतो आणि त्याच्यावर अजून एक मोठा श्वास भरायला जातो, छाती भरलेली, खांदे कानाला, आणि पहिलंच वाक्य चिरकं निघतं. आधी आतली हवा सोडून द्यायची, पुढचा श्वास आपोआप खोल येतो. थरथर पहिल्या दोन-तीन वाक्यांतच जास्त असते म्हणून ती वाक्यं मुद्दाम आखूड लिहा, आणि // तिथेच दाट ठेवा.

खुणा खऱ्या किती टिकतात ते बघायचं असेल तर एक मजला जिना चढा आणि वर पोचल्या पोचल्या कागद वाचा (दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर राहू द्या). स्टेजवर श्वास साधारण तसाच चालतो. जिथे अडकाल ती खूण चुकलीय. त्या मुलीच्या अशा दोन जागा निघाल्या, एक तर शेवटच्या परिच्छेदात, जिथे आईचा उल्लेख होता. तिथे दम नाही, गळा दाटत होता. अशा वाक्याच्या मधे श्वास ठेवायचा नाही, आधी ठेवायचा, आणि वाक्य चार-पाच शब्दांचं करायचं. आम्ही समासात ‘पाणी’ लिहून ठेवलं, कार्यक्रमात तिने खरंच तिथे थांबून घोटभर पाणी प्यायलं आणि वाक्य पूर्ण झालं.

वेळेचं म्हणाल तर मी थांबे धरून मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द बोलतो, म्हणजे तुमच्या ४ मिनिटांना चारशेच्या आसपास शब्द पुरेत. त्यापेक्षा जास्त असतील तर आधी मजकूर कापा, मग खुणा करा, उलटं केलंत तर वेळ वाचवायला तुम्ही थांबेच खाल. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नवीन खूण अजिबात नको, ती नेमकी नडते.

कागद टाईप केलेला असेल तर अक्षर १८ च्या आसपास, ओळींमध्ये भरपूर जागा, मजकूर पानाच्या वरच्या दोन-तृतीयांशातच, म्हणजे मान फार खाली जात नाही. पान बदलताना वाक्य तुटता कामा नये, पान // वरच संपलं पाहिजे. स्टेपल मारू नका, माईकवर खरखर येते, सुटी पानं ठेवा आणि कोपऱ्यात मोठे नंबर टाका. माझी एकदा पानं हातातून पडलीयत, तेव्हापासून नंबर टाकतो.